चर्चा : मराठी गाणी आवाजाने लावण्याचा हट्ट सोडावा का?

नौपाड्याची सून : सासूबाईंची दृष्टी अधू झाल्यामुळे आम्ही घरी बोलून चालवायचा स्पीकर आणला, परंतु त्यांनी ‘मोगरा फुलला’ म्हटले की तो भलतेच काहीतरी लावतो. माझे मत असे झाले आहे की, आवाज केवळ थांबव, पुढे ने आणि आवाज वाढव एवढ्यापुरताच वापरावा व गाणे फोनवर हाताने निवडावे. आपल्याला काय वाटते?

घोडबंदरचा वाटसरू : एवढे हताश होण्याचे कारण नाही. स्पीकरच्या ॲपमध्ये भाषा इंग्रजीऐवजी हिंदी करावी, म्हणजे प्रश्नच संपतो. माझ्या घरी जुनी हिंदी गाणी तेव्हापासून बिनचूक लागतात.

ऐरोली सेक्टर आठ : हिंदी गाण्यांपुरते हे खरे आहे, कारण इंग्रजीवर ठेवलेले यंत्र ऐकलेल्या ध्वनींतून आधी इंग्रजी शब्द जुळवू पाहते. मात्र हिंदीवर ठेवलेले यंत्रही ‘फुलला’ हे मराठी क्रियापद ‘फूल ला’ असे तोडू शकते, आणि ‘ळ’ असलेल्या शब्दांत त्याची गडबड अधिकच होते. बहुतेक स्पीकरमध्ये मराठीचा पर्यायच नसतो, हे मूळ दुखणे आहे.

तरीही, चूक ऐकण्यात आहे की शोधण्यात, हे ठरवल्याशिवाय उपाय करू नये. ॲपमध्ये आपल्या आज्ञांची नोंद राहते. तेथे यंत्राने काय ऐकले ते अक्षरांत दिसते. अक्षरे चुकीची असतील तर दोष ऐकण्याचा. अक्षरे बरोबर असून गाणे चुकीचे लागले असेल तर दोष संग्रहातील शोधाचा.

‘मोगरा फुलला’ याच नावात दुसऱ्या प्रकारचा सापळा आहे. हा ज्ञानेश्वरांचा अभंग अनेकांनी गायला आहे, आणि 2019 साली याच नावाचा मराठी चित्रपटही आला. शिवाय संग्रहात नावे बहुधा रोमन लिपीत असतात. कोणी Mogara Fulala लिहितो, कोणी Mogra Phulala. म्हणून गाण्याच्या नावामागे ‘लता मंगेशकर’ जोडून पाहावे. गायकाचे नाव यंत्राला बहुधा नीट कळते आणि शोधाचा आवाका एकदम आकसतो.

वाशीचे निवृत्त गृहस्थ : आमच्याकडे कुकरची शिटी आणि एक्झॉस्ट पंखा चालू असताना स्पीकर हाकेलाच ओ देत नाही. तो ओट्यापासून दूर ठेवल्यावर फरक पडला. आपणही जागा बदलून पाहावी.

नौपाड्याची सून : काका, आमचा स्पीकर हाकेला ओ देतो, गाणे तेवढे चुकवतो. नोंद पाहिली. अक्षरे बरोबर उमटली होती, तरीही लागले ते दुसऱ्याच गायकाचे गाणे. आणि लताबाईंचे नाव जोडल्यावरही ‘यासारखी गाणी लावत आहे’ असे उत्तर आले.

ऐरोली सेक्टर आठ : ‘यासारखी गाणी’ हे उत्तर आले म्हणजे आपली संगीतसेवा फुकट वर्गणीची असावी. अनेक सेवांच्या फुकट वर्गणीत स्पीकरवर नेमके मागितलेले गाणे वाजत नाही, त्याच धाटणीची गाणी लागतात. लोक याला यंत्राचा बहिरेपणा समजतात आणि उगाच घसा कोरडा करून घेतात. आधी हे तपासावे, मग भाषेकडे वळावे.

वर्गणी सशुल्क असेल, तर सासूबाईंची नेहमीची गाणी एका प्लेलिस्टमध्ये हाताने भरावी. तिचे नाव मात्र ‘भक्ती’ किंवा ‘अभंग’ ठेवू नये, कारण त्या नावाच्या सेवेच्या स्वतःच्या याद्या असतात आणि यंत्र त्याच लावते. त्यांना सहज उच्चारता येईल आणि कोणत्याही गाण्याचे नसेल असे नाव घ्यावे. रोजच्या दोन-चार गाण्यांसाठी ॲपमध्ये रूटीन करता येते : बोलायचे वाक्य आपण ठरवायचे आणि गाणे एकदाच टंकून नेमून द्यायचे.

नेरुळची शिक्षिका : मला ही तडजोड पटत नाही. सासूबाईंना अचानक एखादे विस्मरणात गेलेले नाट्यगीत आठवले, तर त्यांनी काय सुनेची वाट पाहावी? यादी आधीच भरून ठेवायची असेल, तर बोलून मागण्यात अर्थ तो काय उरला? फोनच्या कीबोर्डवर मराठी बोलून टंकता येते. माझी आई ॲपच्या शोधपेटीत मराठीतच बोलते आणि लागलेले गाणे ब्लूटूथने स्पीकरवर ऐकते.

ऐरोली सेक्टर आठ : हा मार्ग चांगला आहे, मात्र काही ॲप देवनागरीतला शोध घेतात, काही घेत नाहीत, आणि अधू दृष्टीच्या माणसाला शोधपेटी सापडणेच कठीण.

नौपाड्याची सून : वर्गणी फुकटचीच निघाली. सशुल्क करून प्लेलिस्ट भरत आहे. तिचे नाव सासूबाईच ठरवतील. शिक्षिकाबाईंचा नाट्यगीताचा प्रश्न मात्र माझ्याही घरी उभा आहे, आणि त्यासाठी तूर्तास मला हाक मारण्यावाचून त्यांच्यापुढे दुसरा मार्ग दिसत नाही.

घोडबंदरचा वाटसरू : तरीही मी म्हणेन, भाषा हिंदीच ठेवा.