पहिलं परदेशी विमान, आणि काचेपलीकडचा हात : तुमचे अनुभव लिहा

काठावरचा
मागच्या आठवड्यात लेकीला विमानतळावर सोडायला गेलो होतो. ती तपासणीच्या रांगेत आत गेली, मी काचेबाहेर उभा. नकळत हात वर केला आणि काचेत मला माझाच हात दिसला. अगदी बाबांसारखा, कोपरात थोडा वाकलेला. घरी येऊन झोप लागेना, मग हे लिहिलं. कविता आहे की नाही ठाऊक नाही. पहिल्यांदा परदेशी निघालो त्या रात्रीची आहे. तुमच्याही आठवणी असतील तर टाका, एकट्याने रडण्यापेक्षा बरं.

काचेच्या अलीकडे मी, पलीकडे बाबा.
मध्ये रांग, आणि रांगेत माझ्यासारखेच
पासपोर्ट छातीशी धरलेले.

बाबांनी हात वर केला
उत्तर येणाऱ्या मुलासारखा.
मी खुणेने म्हटलं, जा आता.
त्यांना वाटलं, ये म्हणतोय.
दोन पावलं पुढे आले,
गणवेशातल्या माणसाने थांबवलं.

वरून कुणी माझं नाव घेत होतं
दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं.
ही शेवटची हाक आहे, म्हणाले.
आमच्या घरी हाक मारणारा
ओ येईस्तोवर मारत राहतो.

खिडकीत आधी माझाच चेहरा होता.
मग दिवे मंद झाले
आणि चेहऱ्याच्या जागी इमारत आली,
इमारतीला काच, काचेला ठिपके.
एक ठिपका हलत होता.
मी त्यालाच बाबा मानलं.

दारं आता आपोआप, कुणी बोललं.
म्हणजे लावली कुणीच नाहीत.
मीच आत आलो होतो.

रिकामी_ट्रॉली
"ओ येईस्तोवर मारत राहतो" इथे थांबले. कुकर लावलाय, नंतर नीट लिहिते.

उडता_पंखा
छान. दिवे मंद करतात ते उड्डाणाच्या वेळी इंजिनाला जास्त वीज लागते म्हणून. कवितेत वेगळा अर्थ निघतो पण खरं कारण तेच.

शेवंती
दादा, लेक सुखरूप पोचली ना? माझ्या मुलाचं पुढच्या आठवड्यात आहे. पहिल्यांदाच चाललाय. हातातल्या बॅगेत तेलाची बाटली चालते का? अर्धीच भरलेली आहे, १५० मिलीची. कविता वाचून पोटात कालवलं म्हणून आधी हेच विचारते.

रिकामी_ट्रॉली
@शेवंती अर्धी भरलेली असली तरी चालायची नाही. आत किती आहे ते बघत नाहीत, बाटलीवर काय छापलंय ते बघतात. बहुतेक ठिकाणी १०० मिलीपर्यंतची बाटली, आणि अशा सगळ्या मिळून एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत. मोठी असेल तर सामानात टाकायच्या बॅगेत द्या, झाकणाला चिकटपट्टी लावून.

आता माझं. गेटसमोर बसून होते, अर्धा तास आधीपासून, शहाण्यासारखी. वर कुणा बाईचं नाव पुकारत होते, आडनाव आधी, नाव नंतर, आणि दोन्हीचा चुराडा. मला त्या बाईची दया येत होती. कशी बेफिकीर असतात माणसं, असंही मनात आलं. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा शेजारचे आजोबा माझ्या हातातला बोर्डिंग पास वाचून म्हणाले, "पोरी, तूच ना ही?" गेट बदललं होतं. धावले ते अजून आठवतंय. आता तर बऱ्याच विमानतळांवर पुकारणंच बंद केलंय, फक्त फलक बघायचा. तिथे माझ्यासारखीचं काय होईल?

दोन_नंबर_दार
अकरा वर्षं केबिन क्रूमध्ये होते, आता घरी. कविता आवडली म्हणूनच दोन गोष्टी बोलते, रागावू नका.

शेवटच्या कडव्यातली घोषणा मी शेकडो वेळा ऐकलीय. "डोअर्स टू ऑटोमॅटिक अँड क्रॉसचेक." त्यात दार आपोआप होत नाही. दार आम्ही हाताने ओढून, दांडा फिरवून बंद करतो, आणि तोवर ते बंद झालेलं असतं. ऑटोमॅटिक होते ती दारातली, संकटात उतरायची घसरगुंडी. दाराच्या खालच्या फुगीर भागात ती घडी करून ठेवलेली असते. ऑटोमॅटिकवर टाकली की तिच्या टोकाची पट्टी विमानाच्या जमिनीला अडकते. त्यानंतर कुणी आतून दार उघडलं तर घसरगुंडी ओढली जाऊन काही सेकंदांत फुगते. काही विमानांत ही पट्टी वाकून हाताने जमिनीतल्या खोबणीत बसवावी लागायची आणि दाराच्या छोट्या खिडकीवर लाल पट्टा आडवा लावायचा, म्हणजे कुणालाही लांबून कळावं. क्रॉसचेक म्हणजे मी माझं दार करते, मग समोरच्या बाजूच्या मैत्रिणीचं बघते, ती माझं बघते. स्वतःच्या कामावर स्वतः शिक्का मारायचा नाही.

पोचल्यावर याच्या उलट, "डोअर्स टू मॅन्युअल". ते कुणी विसरलं तर शिडी लागलेली असताना घसरगुंडी बाहेर फुगते. अशा चुका होतात, म्हणूनच तो क्रॉसचेक.

म्हणजे दारं कुणीतरी लावली होती दादा. बहुधा माझ्यासारखीच कुणीतरी.

उडता_पंखा
मग विमान उडाल्यावर दाराला इलेक्ट्रॉनिक लॉक लागतं ते हेच ना?

दोन_नंबर_दार
नाही, ते वेगळं. वर गेल्यावर दार धरून ठेवतो तो मुख्यतः हवेचा दाब. आत हवा दाबलेली, बाहेर विरळ. बहुतेक दारं आधी आत ओढल्याशिवाय बाहेर जातच नाहीत. पूर्ण उंचीवर दर चौरस सेंटीमीटरला साधारण अर्धा किलो धरा. दार एक मीटर रुंद, १.८ मीटर उंच, म्हणजे १८,००० चौरस सेंटीमीटर. नऊ हजार किलो झाले. पैलवान आणला तरी हलणार नाही. जमिनीवर आणि जमिनीजवळ मात्र हा दाब नसतो, म्हणून तिथे आम्ही दाराजवळ कुणाला रेंगाळू देत नाही.

आणि दिवे इंजिनासाठी नाही हो मंद करत. डोळे अंधाराला सरावावेत म्हणून. रात्री काही झालंच आणि बाहेर पडावं लागलं तर उजेडातून एकदम काळोखात गेलेल्या माणसाला दार दिसत नाही. खिडक्यांचे पडदे वर ठेवायला लावतो तेही त्यासाठीच, बाहेर आग आहे का ते आधी दिसावं.

उडता_पंखा
मला एका इंजिनिअरनेच सांगितलं होतं. असो. पण दिवसा विमानात का करत नाहीत मग?

दोन_नंबर_दार
दिवसा बाहेरच उजेड असतो म्हणून.

उडता_पंखा
हां.

भुईमूग
घोषणांचं सोडा, आवाजांचं बोला. आजीला घेऊन चाललो होतो, तिचं पहिलं विमान. विमान अजून जमिनीवरच, आणि खालून "घर्र, घर्र, हुफ" असा आवाज. आजी म्हणाली, "अरे, कुत्रं खाली राहिलंय वाटतं कुणाचं." मी हसलो, पण आवाज खरंच तसाच. शेवटी एअर होस्टेसला बोलावून सांगितलं तिने, त्या मुक्या जिवाला वर घ्या म्हणून. पुढे वाचलं की एअरबसच्या ए-३२० जातीच्या विमानांत एक हायड्रॉलिक पंप असतो, एकाच बाजूचा दाब चालू असला की तो दुसऱ्या बाजूला मदत करतो, आणि असा भुंकतो. आजीला ते पटवून दिलं नाही. ती उतरेपर्यंत त्या कुत्र्याची चौकशी करत होती.

निळी_बॅग
कुत्रं 😂😂 मेले हसून

माझं वेगळं. विमान वर गेलं आणि मिनिटभरात इंजिनाचा आवाज एकदम उतरला. पोट हललं. मला वाटलं बंद पडलं. शेजारच्या अनोळखी बाईंचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. त्यांनीही काढून घेतला नाही. नंतर कळलं की उड्डाणाची पूर्ण ताकद तेवढ्यापुरतीच लागते, मग ती मुद्दाम कमी करतात. कुणी आधी सांगितलं असतं तर! पण मग तो हात धरला नसता. आईने निघताना हलवलेला हात आठवतच नाही मला, ट्रॉलीचं चाक अडकलं होतं, तेच बघत होते. आई नाही आता.

शेवंती
निळी बॅग, बाळा 🙏

जुनं_कुलूप
एक शंका, कवितेबद्दल. दारांची घोषणा विमान हलायच्या आधी होते आणि दिवे नंतर मंद होतात, बरोबर? कवितेत उलटं आहे. शिवाय दार आपोआप नाही हे आता कळलं. मग शेवटचं कडवं बदलणार का? माझ्या मते बदलावं. चुकीच्या माहितीवर उभी कविता मला टोचते.

रिकामी_ट्रॉली
अजिबात बदलू नका! त्या रात्री त्याला जे ऐकू आलं तेच लिहिलंय.

दोन_नंबर_दार
क्रमाचं जुनं कुलूप यांचं बरोबर आहे. दिव्यांचं मात्र दादांनी अचूक पकडलंय. आत उजेड असला की रात्री खिडकी आरसा होते, स्वतःचंच तोंड दिसतं. आत अंधार केला की बाहेरचं दिसतं. बाहेरून आतलं माणूस ओळखू येणं मात्र फार कठीण. खिडकी लहानशी, आणि कितीतरी खिडक्या ओळीने.

काठावरचा
सगळ्यांचं दोनदा वाचलं. क्रम माझ्या आठवणीत तसाच आहे, विमान वळताना दिवे गेले आणि काच दिसली, हे पक्कं. दारांचं आधी ऐकलं असणार, पण कानात शेवटी राहिलं.

बदल करून बघितला. "दारं कुणीतरी हाताने लावली, / दुसऱ्या कुणी ती तपासली." लिहिलं आणि खोडलं. मग पुन्हा लिहिलं. सध्या वहीत दोन्ही आहेत. खरं सांगू, तेव्हा मला कुणाचा तरी राग हवा होता आणि मिळाला नाही, म्हणून "मीच आत आलो होतो" आलं. आता कुणीतरी दांडा फिरवणारी होती हे कळल्यावर त्या ओळीचं काय करू समजत नाही. बाबा पुढच्या वर्षी गेले. मी पोचलो नाही वेळेवर.

जुनं_कुलूप
माफ करा. तसंच राहू द्या.

निळी_बॅग
@काठावरचा आणि लेकीने बघितलं का तुम्हाला? तुम्ही बाहेर थांबला होतात ना?

काठावरचा
हो, कठड्याशी उभा होतो, विमान हलेपर्यंत. पाऊण तास. हात दुखायला लागला. काल फोनवर विचारलं, कुठल्या बाजूच्या खिडकीत होतीस. म्हणाली, बाबा, मला मधल्या रांगेतली सीट मिळाली होती. खिडकीच नव्हती.

भुईमूग
😂 आणि 😭 एकदम

शेवंती
मधली रांग! थांबा, मुलाला विचारते त्याची सीट कुठली आहे. आणि ती १५० मिलीची बाटली काढली हो बाहेर. तो म्हणतो आई तेलच नको.