उसाची उचल खात्यात आली आणि बँकेने कर्जात वळती केली: हे योग्य आहे का?

येरळाकाठ (पलूस)
एका व्यापारी बँकेचं वैयक्तिक कर्ज आहे, हप्ता 9,400 रुपये, तीन हप्ते थकलेत. एकूण येणं बाकी अजून 2,35,000 च्या आसपास. त्याच बँकेतल्या बचत खात्यात उसाची पहिली उचल 1,86,000 जमा झाली. दुसऱ्या दिवशी 1,61,000 कर्जखात्यात वळते, 25,000 शिल्लक. खताच्या दुकानदाराला दिलेला 38,000 चा चेक त्यामुळे परत गेला. वर बायकोबरोबरच्या संयुक्त खात्यातल्या 42,000 वर होल्ड लावलाय. शाखेत विचारलं तर म्हणतात, ‘सेट-ऑफचा अधिकार आहे.’ आहे का असा अधिकार? की ही दादागिरी?

बांधावरचा
दादागिरीच. कोर्टाचा हुकूम असल्याशिवाय बचत खात्याला हात लावता येत नाही. मुदत ठेव तारण असेल तर गोष्ट वेगळी. थेट पोलिसांत जा.

माजी_शाखाधिकारी (कराड)
पोलीस यात काही करणार नाहीत, आणि कोर्टाचा हुकूमही लागत नाही. खात्यातली शिल्लक म्हणजे बँकेने तुम्हाला देणं असलेली रक्कम, आणि कर्ज म्हणजे तुम्ही बँकेला देणं असलेली. माणूस तोच, बँक तीच, मग दोन्ही देणी एकमेकांतून वजा करता येतात. कर्ज कराडच्या शाखेत आणि खातं पलूसला असलं तरी बँक एकच धरली जाते. कर्जाच्या करारात बहुधा तसं कलमही असतं, आणि त्याखाली ग्राहकाची सही असते.

बँकेची घाई का, तेही समजून घ्या. 90 दिवसांपेक्षा जास्त थकलं की खातं एनपीए होतं, आणि मग सगळी थकबाकी भरल्याशिवाय ते परत नियमित होत नाही. दोन हप्ते भरले आणि एक राहिला, तरी एनपीएच. समोर पावणेदोन लाखांवर पैसे दिसत असताना शाखेने हात बांधून बसावं, ही अपेक्षा बरोबर नाही. सोडून दिले तर ऑडिटमध्ये पहिला प्रश्न तोच येतो.

विटा_कोर्टरोड
अधिकार आहे, इथपर्यंत साहेबांशी सहमत. पण किती रकमेवर, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि या प्रकरणातली खरी गोम तिथेच आहे.

वजावट फक्त देय झालेल्या रकमेची होते. तीन हप्ते देय झालेत, म्हणजे 28,200. करारानुसारचं दंड शुल्क समजा 800 धरा, एकूण 29,000. उरलेल्या हप्त्यांच्या तारखा अजून यायच्यात, ते आज देणं नाही. पूर्ण कर्ज आज देय व्हायला बँकेने करारातल्या अटीप्रमाणे ते परत मागवलेलं असावं लागतं. म्हणजे ‘इतके हप्ते थकले म्हणून संपूर्ण रक्कम इतक्या दिवसांत भरा’ असं मागणीपत्र गेलेलं असावं आणि त्यातली मुदत संपलेली असावी.

तसं पत्र गेलं नसेल, तर 1,61,000 पैकी 29,000 बरोबर आणि 1,32,000 जादा वळते झालेत. ते परत आले तर बचत खात्यात 1,57,000 दिसतील, आणि 38,000 चा चेक आरामात वटला असता.

माजी_शाखाधिकारी
जादा गेले तरी ते मुद्दलातच गेलेत ना? व्याज कमी होईल. नुकसान काय झालं?

विटा_कोर्टरोड
नुकसान त्या चेकचं झालं. लागणीच्या वेळी खत मिळालं नाही तर व्याजात वाचलेल्या शे-दोनशेंनी ते भरून येत नाही. शिवाय मुदतीआधी फेड करायची की नाही हे कर्जदाराने ठरवायचं, शाखेने नाही.

हळदीचा_सौदा
अहो, उसाच्या बिलातून सोसायटीची वसुली तर वर्षानुवर्षं कापली जाते. कारखाना परस्पर कापतो, उरलेलं खात्यावर टाकतो. यात नवीन काय? सोसायटीचं कर्ज फेडायचंच असतं.

जमाखर्च (सातारा)
तुम्ही सांगताय तो व्यवहार वेगळा आहे. तिथे शेतकऱ्याने आधीच संमती दिलेली असते, आणि पैसे खात्यावर यायच्या आधीच कपात होते. इथे पैसे खात्यात येऊन पडलेत आणि कर्ज त्याच बँकेचं आहे, सोसायटीचं नाही. सहकारी संस्थांसाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 मध्ये कलम 25 आहे. सभासदाच्या ठेवीवर संस्थेचा बोजा आणि वजावटीचा हक्क थेट कायद्यातूनच येतो. म्हणून पतसंस्थेचा अनुभव व्यापारी बँकेला जसाच्या तसा लावू नका.

येरळाकाठ, तुम्ही आधी तीन कागद मिळवा. कर्जखात्याचा मंजुरीपासून आजपर्यंतचा उतारा, सही केलेल्या कराराची प्रत, आणि पूर्ण कर्ज मागवल्याचं पत्र असेल तर ते पाठवल्याच्या पुराव्यासकट. शाखा म्हणेल ‘पाठवलंय’, तर रजिस्टर एडीची तारीख आणि पत्ता विचारा. बऱ्याचदा पत्र जुन्या पत्त्यावर गेलेलं असतं, आणि करारात लिहिलेलं असतं की नोंदवलेल्या पत्त्यावर पाठवलं म्हणजे पोचलं. पत्ता बदलला असेल आणि तो बँकेला लेखी कळवला नसेल, तर तिथे तुमची बाजू लंगडी पडते.

बांधावरचा
आणि नोटीस? वळते करायच्या आधी कळवायला नको? रात्रीत पैसे गायब करणं कुठल्या कायद्यात बसतं?

माजी_शाखाधिकारी
करारात ‘पूर्वसूचना न देता’ असे शब्द असतात. ग्राहकाने सही केलेली आहे.

विटा_कोर्टरोड
असतात. पण छापील करारात शब्द आहेत म्हणून ग्राहकाशी कसंही वागायची मुभा मिळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2014 च्या ग्राहक हक्क सनदेत न्याय्य वागणूक आणि पारदर्शकता हे हक्क म्हणून मांडलेत. माझ्या मते पाच-सात दिवसांचं एक पत्र किंवा एसएमएस द्यायलाच हवा, म्हणजे माणूस निदान नवा चेक तरी देणार नाही. साहेबांना हे पटणार नाही.

माजी_शाखाधिकारी
नाही पटणार. सात दिवसांची सूचना द्या आणि आठव्या दिवशी खातं रिकामं बघा.

विटा_कोर्टरोड
म्हणूनच आधी होल्ड लावा, मग सूचना द्या, मग वळती करा. होल्डने पैसे हलत नाहीत, आणि ग्राहकाला बोलायला वेळ मिळतो. पण होल्डही 29,000 चाच, 1,86,000 चा नव्हे.

आता चेकबद्दल, कारण त्याला घड्याळ लागलंय. चेक न वटल्याचं कळल्यापासून 30 दिवसांत दुकानदार तुम्हाला कलम 138 खाली नोटीस देऊ शकतो. नोटीस हातात पडल्यापासून 15 दिवसांत पैसे दिलेत तर गुन्हा बनत नाही. तेव्हा बँकेशी भांडण चालू राहू द्या, पण 38,000 आधी दुकानदाराला एनईएफटीने द्या. हातात 25,000 आहेत, बाकीची सोय करावी लागेल. चेक परत आल्याचा मेमो जपून ठेवा. जादा वळतं केल्यामुळे शिल्लक अपुरी पडली असेल, तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 31 खाली, म्हणजे पुरेशी शिल्लक असताना चेक न वटवल्याबद्दल, बँकेकडे भरपाई मागता येते. मात्र मागणीपत्राची मुदत संपून पूर्ण कर्ज आधीच देय झालेलं निघालं, तर हा दावा कोसळतो.

माणदेशी
आमच्या वडिलांचं पेन्शन खातं आहे आणि त्यांच्या नावावर थकलेलं कर्जही आहे. त्यांच्या पेन्शनलाही असंच होईल का?

जमाखर्च
पेन्शनला जप्तीपासून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 चं संरक्षण आहे. राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन-ग्रॅच्युइटी बँकेत ठेवीत गेल्यावरही ते संरक्षण कायम मानलं. पण तो निकाल जप्तीबद्दल आहे. बँक स्वतः वजावट करते तेव्हा तो तंतोतंत लागू होतो का, यावर वकील दोन्ही बाजूंनी भांडतात. वडिलांनी त्या खात्यात दुसरे पैसे मिसळू नयेत, एवढं तरी करा. उताऱ्यावर फक्त पेन्शनच्या नोंदी दिसल्या की मुद्दा मांडणं सोपं जातं.

हळदीचा_सौदा
संयुक्त खात्याचं राहिलं. ते 42,000 सुटतील का?

जमाखर्च
कर्ज एकट्याचं आणि खातं दोघांचं, तर वजावट बसत नाही. त्या खात्यात बँकेचं देणं दोघांना आहे, कर्जाचं देणं एकट्याकडून आहे. खातं ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात व्यक्ती’ पद्धतीचं असलं तरी हेच. कोण पैसे काढू शकतो याची ती सोय आहे, पैसे कुणा एकट्याचे आहेत असं त्यावरून ठरत नाही. वहिनींच्या सहीने पत्र द्या: ‘मी या कर्जात सहकर्जदार नाही, होल्ड उठवावा.’ पण आधी कर्जाच्या कागदांवर त्यांची सही कुठे आहे ते बघा. सहकर्जदार असतील तर सगळं गणितच बदलतं.

येरळाकाठ
बघितलं. मंजुरीपत्रावर बायकोची सही आहे, ‘जामीनदार’ म्हणून. पूर्ण कर्ज मागवल्याचं पत्र मात्र शाखेला अजून दाखवता आलेलं नाही.

माजी_शाखाधिकारी
मग होल्ड बरोबर आहे. करार कायद्याच्या कलम 128 नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. खात्यातले दोघंही बँकेचे देणेकरी झाले.

विटा_कोर्टरोड
इतकीच, म्हणजे आज 29,000 इतकीच. आणि ती रक्कम तर बचत खात्यातून केव्हाच वसूल झाली, त्यामुळे 42,000 वरचा होल्ड कशासाठी हे बँकेलाच विचारा. थकबाकी उरली असती तरी जामीनदाराला आधी वेगळं मागणीपत्र जायला हवं होतं. ते वहिनींना आलं का?

येरळाकाठ
नाही आलं.

माजी_शाखाधिकारी
जामीनपत्रात मागणीची अट आहे की नाही, ते वाचल्याशिवाय मी हे मान्य करणार नाही. काही पत्रांत जामीनदार स्वतःला ‘मुख्य कर्जदार’ मानायला संमती देतो.

जमाखर्च
मग ती ओळही शोधा. तक्रार मात्र आत्ताच लेखी द्या: 1,32,000 परत बचत खात्यात, वळती केली त्या दिवसाच्या मूल्य-तारखेने, चेक परतीचं शुल्क परत, संयुक्त खात्यावरचा होल्ड रद्द. तिन्ही मागण्या वेगवेगळ्या क्रमांकाने लिहा, नाहीतर उत्तर एकाच गोष्टीचं येतं. पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे. तोवर पुढचा हप्ता थकवू नका. नवी थकबाकी दिसली की बँकेला परत वळती करायला कारण मिळेल.