पोस्टरवर ५४.२ टक्के छापायचे, तर सावधगिरीची सूचना कोणती आणि केवढी?

शततारका: कॉलेजच्या संशोधन दिनासाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ मधल्या महाराष्ट्राच्या ॲनिमियाच्या आकड्यांवर ए१ पोस्टर करतोय. तीन आकडे ठरलेत. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत ५४.२ टक्के, ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांत ६८.९ टक्के आणि मागच्या पाहणीत स्त्रियांचे ४८.० टक्के. एक प्रामाणिक सूचना देणे बंधनकारक आहे. 'सर्व आकडे अंदाजे आहेत' एवढे पुरेल का? मार्गदर्शकांचे म्हणणे, सूचना मोठी केली की पोस्टरचा जोर जातो.

आकडेपट: नाही पुरणार. 'अंदाजे' वाचून बघणाऱ्याला काहीच कळत नाही. आकडा वर सरकू शकतो की खाली, आणि कशामुळे, हे सांगितले तरच ती सूचना. या पाहणीत महाराष्ट्रातून ३३,७५५ स्त्रियांच्या मुलाखती झाल्या. एवढ्या नमुन्यात नुसत्या योगायोगाने येणारी चूक साध्या सूत्राने अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघते. नमुना गावे-वस्त्यांच्या गटांतून घेतलेला असल्याने ती थोडी वाढेल, पण चिंता करण्याजोगी नाही. खरी अडचण रक्ताच्या थेंबात आहे. हिमोग्लोबिन बोटाला टोचून, हातात धरायच्या यंत्रावर मोजले होते. बोट दाबून थेंब काढला तर रक्तात पेशींबाहेरचे पाणी मिसळते आणि आकडा कमी दिसतो. म्हणून पहिले थेंब पुसून, बोट न पिळता आपोआप आलेला थेंब घ्यायचा असतो. घरोघरी फिरताना, थंड हाताच्या बाईच्या बाबतीत हे दर वेळी जमतेच असे नाही. तुमची एकमेव सूचना हीच असायला हवी.

मार्तंड: इतका काथ्याकूट कशाला? नमुना मोठा असला की अशा चुका एकमेकींना खोडून काढतात. शिवाय चौथ्या आणि पाचव्या, दोन्ही पाहण्यांत बोटातूनच रक्त घेतले. पद्धत तीच, मग ४८ वरून ५४ ही वाढ खरीच. पोस्टरवर लाल बाण वर काढा आणि मोकळे व्हा. सूचना वाचून लोक म्हणतील, आकडेच खोटे आहेत.

आकडेपट: चुका एकमेकींना खोडतात, पण त्या दोन्ही बाजूंना होत असतील तरच. बोट पिळल्याने होणारी चूक एकाच बाजूला जाते, आणि दहापट बायका तपासल्या तरी ती तिथेच राहते. एक उदाहरण घ्या. गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी सीमा १२ ग्रॅमची आहे. एखादीचे खरे हिमोग्लोबिन १२.३ आहे, यंत्राने ११.८ दाखवले. फरक अर्ध्या ग्रॅमचा, पण ती ॲनिमियाच्या खात्यात गेली. आपल्याकडे या सीमेच्या अवतीभवती असलेल्या बायका खूप आहेत, त्यामुळे छोटी चूक टक्केवारीत मोठी होऊन उतरते.

पद्धत तीच होती हे तुमचे म्हणणे मात्र बरोबर आहे, आणि तुलनेला त्याचा आधार मिळतो. पण पद्धत तीच म्हणजे टोचणारे हात तेच असे नाही. प्रशिक्षण, रक्त भरून यंत्रात घालायच्या क्युव्हेटचा डबा उघडल्यावर किती दिवस वापरला, पावसाळ्यातली दमट हवा, हे सगळे बदलते. म्हणून मी बाण काढणार नाही. दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत, वाचणाऱ्याने बघावे.

कुंदा: आमच्या वसतिगृहातल्या १८० मुलींचा गूगल फॉर्म भरून घेतलाय. 'तुम्हाला ॲनिमिया आहे का' याला बऱ्याच जणींनी 'नाही' लिहिले. म्हणजे आमचे प्रमाण राज्यापेक्षा कमी. हा आकडा ५४.२ च्या शेजारी लावला तर चालेल का?

रक्तबिंदू: कुंदाताई, नका लावू. तिकडे रक्त तपासले, इकडे मत विचारले. सौम्य ॲनिमिया असलेल्या बहुतेकींना तो आहे हे माहीतच नसते. तुमचा फॉर्म 'मुलींना आपले हिमोग्लोबिन किती ठाऊक आहे' या वेगळ्या पोस्टरला छान चालेल.

शततारका, मसुद्यात कुठे 'लोहाची कमतरता' असे लिहिले असेल तर ते काढा. या पाहणीत हिमोग्लोबिन मोजले, लोहाचा साठा नाही. बी-१२, फॉलेट, दीर्घ आजार, सिकलसेल अशा कारणांनीही हिमोग्लोबिन उतरते, आणि विदर्भात सिकलसेल विसरून चालणार नाही.

बोटातल्या रक्ताबद्दल पुरावा हवा असेल तर तोही आहे. २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणीत शिरेतून रक्त घेतले होते. देशभरात १ ते ४ वर्षांच्या मुलांत ॲनिमिया ४१ टक्के निघाला. त्याच सुमाराच्या, २०१५-१६ च्या चौथ्या कुटुंब आरोग्य पाहणीत ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांत तो ५८.६ होता. सगळा फरक सुईचा नाही, कारण वयोगट वेगळे आहेत आणि वर्षाच्या आतल्या बाळांत ॲनिमिया जास्त असतो. तरी एवढी दरी नुसत्या वयाने पडेल असे मला वाटत नाही.

मार्तंड: मग ६८.९ छापायचाच कशाला? सगळ्यात संशयास्पद आकडा तोच की.

रक्तबिंदू: तुमचा हा मुद्दा मला पटतो. मी तो काढून पुरुषांचा २१.९ घेईन. त्याच घरांपैकी काहींत, तसल्याच यंत्रावर, त्याच पद्धतीने पुरुषांचे रक्त तपासले. बोटाचा दोष असेल तर तो दोघांनाही लागतो, म्हणजे ५४.२ आणि २१.९ मधली दरी नुसत्या दोषाने पडत नाही.

आकडेपट: अगदी तसे नाही. पुरुषांची सीमा १३ आहे, आणि बहुतेक पुरुष तिच्या बरेच वर असतात. तेवढीच चूक झाली तरी तिथे कमी जण सीमा ओलांडतात. दरी खरी आहे, तिची नेमकी रुंदी मात्र शंकास्पद. तरी ६८.९ पेक्षा हा आकडा बरा, याला माझी हरकत नाही.

अजून एक. पोस्टरवर नुसते '२०१९-२१' लिहू नका. बघणारा लगेच म्हणेल, लॉकडाऊनमुळे वाढले. महाराष्ट्राचे काम पहिल्या टप्प्यात, २०१९ मध्ये, कोरोनाच्या आधी झाले. 'महाराष्ट्रातील तपासणी : २०१९' असे आकड्याखालीच लिहा. आणि ४८.० वरून ५४.२ ही वाढ ६.२ टक्क्यांची नव्हे, ६.२ टक्केबिंदूंची. टक्क्यांत ती जवळपास १३ भरते. परीक्षक इथेच पकडतात.

फलकलेखक: मार्गदर्शकांची भीती मापाने सुटते. ए१ वर मुख्य आकडा २०० पॉइंटचा ठेवा आणि सूचना ३६ पॉइंटची, थेट त्या आकड्याखाली. तळाशी १४ पॉइंटमध्ये टाकलेली सूचना दीड मीटरवरून कुणी वाचत नाही, आणि मग ती लपवल्यासारखी दिसते. देवनागरीला ओळींमधली जागा सढळ द्या, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. फ्लेक्सवाल्याकडे फाँट अंतर्भूत केलेली पीडीएफच पाठवा, नाहीतर जोडाक्षरे फुटतील.

शततारका: ६८.९ काढला, २१.९ घेतला. सूचना अशी केलीय: 'रक्त बोटातून घेतले होते. शिरेतून घेतले असते तर प्रमाण कमी आले असते. किती कमी, हे या पाहणीवरून सांगता येत नाही.'

रक्तबिंदू: 'आले असते' नको, 'येऊ शकते' करा. महाराष्ट्रातल्या स्त्रियांचे दोन्ही प्रकारे रक्त घेऊन ही पाहणी झालेली नाही.

मार्तंड: 'येऊ शकते' चालेल. बाण मात्र काढाच. सहा टक्के... सहा टक्केबिंदूंची वाढ समोर असताना दिशाही दाखवायची नाही, हे मला पटत नाही.

आकडेपट: बाण काढलात की ती वाढ तुम्ही स्वतः सिद्ध केलीत असे बघणारा समजेल. आकडे शेजारी असले की दिशा दिसतेच.