‘निवड होऊ शकली नाही’ : नकाराचा मेल मराठीत कसा लिहावा?

ओळदोनओळी
एका उमेदवाराच्या मुलाखतीच्या दोन फेऱ्या झाल्या, दोन्ही मराठीतून. दुसरी इतकी छान झाली की निघताना त्यांनी ‘रुजू कधी व्हायचं?’ असं विचारलं. निवड मात्र दुसऱ्या उमेदवाराची झाली. इंग्रजी मेल तयार आहे, मला तो मराठीत करायचाय आणि ‘अनफॉर्च्युनेटली, वी हॅव डिसायडेड टु मूव्ह फॉरवर्ड विथ अनदर कॅन्डिडेट’ इथे अडलेय. माझा मसुदा असा:

‘आपला अनुभव आणि मुलाखतीत आपण दिलेली मोकळी उत्तरे आम्हाला मनापासून आवडली असली, तरी सर्व बाबींचा विचार करता दुर्दैवाने सध्या आपली या पदासाठी निवड होऊ शकली नाही.’

मऊ वाटतंय, पण स्पष्ट आहे का?

पिंपळपान
नोकरी नाकारताना ‘आपला प्रस्ताव स्वीकारणे शक्य होत नाही’ असं लिहितात. मी तसंच लिहिलं होतं, समोरून छान उत्तर आलं.

ओळदोनओळी
नाही हो, इथे नकार उमेदवाराचा नाही, नोकरी देणाऱ्यांचा आहे.

खाडाखोड
‘दुर्दैवाने’ काढा. निर्णय माणसांनी बसून घेतलाय, दैवाचा काय संबंध? आणि एवढं लांबण लावण्यापेक्षा सरळ ‘आपण या पदासाठी अपात्र ठरला आहात’ लिहा. कार्यालयीन पत्रांत हाच शब्द असतो.

जुनीशाई
‘दुर्दैवाने’बद्दल पटलं. ‘अपात्र’ मात्र इथे चुकीचा आहे. शिक्षणाची, वयाची किंवा अनुभवाची अट पूर्ण होत नाही तो अपात्र. हे तर दोन फेऱ्या पार करून आलेत, म्हणजे पात्र होते, फक्त निवडले गेले नाहीत. तो शब्द वाचून माणूस आपल्या प्रमाणपत्रात काय कमी होतं ते शोधत बसेल.

मला त्याहून मोठी अडचण वाक्याच्या बांधणीत दिसते. इंग्रजीत ‘अनफॉर्च्युनेटली’ पहिल्याच शब्दाला येतं, वाचणारा तिथेच सावध होतो. मराठीत ‘नाही’ येतं शेवटी. तुमच्या मसुद्यात अनुभव आवडला, उत्तरं आवडली असं वाचत माणूस आशेने वर चढतो आणि अगदी शेवटच्या शब्दावर खाली येतो. म्हणून मराठीत नकाराचं वाक्य आखूड हवं आणि कौतुकाच्या आधी हवं: ‘या पदासाठी आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे.’ यात ‘नाही’ची गरजच पडत नाही, आणि निर्णय कोणी घेतला तेही दिसतं.

खाडाखोड
पण ‘होऊ शकली नाही’ जास्त नम्र आहे, आपण नेहमी तसंच बोलतो की.

जुनीशाई
आमंत्रणाला ‘येऊ शकलो नाही’ म्हणतो तेव्हा यायची इच्छा होती, काहीतरी आडवं आलं असा अर्थ असतो. तोच अर्थ इथेही चिकटतो. अडचण होती म्हणजे ती दूर होऊ शकते असं वाचणाऱ्याला वाटतं.

रोजनिशी
अगदी हेच माझ्या बाबतीत झालं. ‘सध्या आपली निवड होऊ शकली नाही’ असा मेल आला. मी ‘सध्या’ धरून बसले. काही कागदपत्रं राहिलीत का, असं विचारणारा मेलही पाठवला. शेवटी ‘संधी निर्माण झाल्यास आपल्याशी संपर्क साधू’ असं होतं, त्या भरवशावर दोन महिने दुसरीकडे अर्ज केला नाही.

जुनीशाई
‘संपर्क साधू’ हे मराठीत वचनासारखंच ऐकू येतं. खरंच फोन करणार असाल तरच लिहावं. नाहीतर पुढचं पाऊल त्यांच्या हाती द्यावं: ‘पुढे जाहिरात निघाली आणि तुम्ही अर्ज केलात, तर आम्ही तो नव्याने पाहू.’

ओळदोनओळी
‘सध्या’ गेलं. आता असं केलंय:

‘नमस्कार,
दोन्ही फेऱ्यांसाठी वेळ दिल्याबद्दल आभार. या पदासाठी आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे. तुम्ही या नोकरीची वाट पाहत होतात हे आम्हाला माहीत आहे, त्यामुळे हे कळवताना वाईट वाटते. दुसऱ्या फेरीत तुम्ही कामातली चूक कशी शोधली ते नीट उलगडून सांगितलेत, ते आम्हा सगळ्यांना आवडले. पुढे जाहिरात निघाली आणि तुम्ही अर्ज केलात, तर आम्ही तो नव्याने पाहू.’

‘खेद होतो’ छापील वाटलं आणि ‘क्षमस्व’मध्ये आपली चूक झाल्यासारखं, म्हणून ‘वाईट वाटते’.

खाडाखोड
हे चांगलं झालं. पण ‘आपण’चं ‘तुम्ही’ का केलंत? पत्रात ‘आपण’च हवं.

ओळदोनओळी
मुलाखतीत सगळे त्यांना ‘तुम्ही’ म्हणत होते. नकार देताना एकदम ‘आपण’ म्हणजे दार लावून घेतल्यासारखं वाटलं. शिवाय ‘आपण पुढे जाऊ शकणार नाही’ यात ‘आपण’ म्हणजे फक्त ते की आम्ही सगळे, हेही कळत नाही.

खाडाखोड
ते वाक्य तुमच्या मेलमध्ये नाहीच. मी ‘आपण’च लिहीन.

रोजनिशी
मला तर ‘तुम्ही’ आलेलं आवडलं असतं. पण आभार पहिल्या ओळीत नकोत. मोबाइलवर मेल उघडण्याआधी तेवढंच दिसतं आणि छातीत धडधडतं.

जुनीशाई
आभाराशिवाय थेट निवडीवर आलं तर मला ते अंगावर आल्यासारखं वाटतं. एक आखूड ओळ असू द्यावी.