दूध संकलनाच्या नोंदी: उणे लिटर आणि पुढची तारीख केंद्रावरच अडवावी की बिलाआधी पकडावी?

चरवी
आमच्याकडे 23 गावांतल्या संकलन केंद्रांच्या नोंदी येतात आणि दर दहा दिवसांचं बिल मी काढते. मार्चच्या पहिल्या बिलात एका केंद्राच्या फाइलमध्ये चक्क ऑक्टोबरच्या तारखा निघाल्या, आणि दुसऱ्या एका केंद्रात सभासद 118 पुढे -84 लिटर. माझं म्हणणं, शून्याखालचं दूध आणि आजच्या पुढची तारीख सॉफ्टवेअरने घेऊच नये. ऑफिसातले म्हणतात, केंद्रावर अडवलं तर सकाळची रांग खोळंबेल, बिलाआधी तपासू. तुम्हाला काय वाटतं?

कासंडी
अडवायचंच. उणे दूध जगात कुणी घालत नाही. नोंद होते तेव्हा कॅन घेऊन माणूस समोर उभा असतो, त्याला विचारून तिथल्या तिथे आकडा दुरुस्त होतो. आठ दिवसांनी फोन केला तर ना ऑपरेटरला आठवतं, ना सभासदाला. बिलाआधी तपासणं म्हणजे अंदाजाने आकडा बसवणं.

पहाटपाळी
मी सहा वर्षं केंद्रावर नोंदी केल्या आहेत. उणे आकडा कुठून येतो ते सांगतो. 181 चं 8.4 लिटर घाईत 118 च्या नावावर पडतं. संध्याकाळी लक्षात येतं. सकाळची पाळी बंद झालेली, जुनी नोंद उघडत नाही. मग 118 ला -8.4 आणि 181 ला 8.4. तुमच्या -84 मध्ये बहुधा दशांशचिन्ह राहिलंय, बाकी काही नाही.

आमच्या सॉफ्टवेअरने मध्येच एकदा उणे घेणं बंद केलं. मग आम्ही काय केलं? दुसऱ्या दिवशी 118 चं दूध 8.4 ने कमी लिहिलं. बेरीज जुळली, पण ती दुरुस्ती होती याचा मागमूस उरला नाही. त्या दिवशीचं लिटर खोटं, फॅटचा हिशोब खोटा, आणि सभासद पावती घेऊन आला तर दाखवायला काही नाही. नुसतं अडवलं की चूक जात नाही, चांगला शर्ट घालून येते.

नोंदवही
पहाटपाळींचं बरोबर आहे, पण त्यावरून 'उणे चालू द्या' असं ठरत नाही. संकलनाच्या नोंदीत उणे अडवा आणि दुरुस्तीला स्वतंत्र प्रकार द्या: मूळ पावतीचा नंबर, कारण, कुणी केली. दुरुस्तीत उणे चालेल, पण मूळ पावतीपेक्षा जास्त नाही. हा दुसरा नियमच -84 ला पकडतो, कारण मूळ पावती 8.4 ची. तो नसता तर केंद्राच्या बेरजेत 75.6 लिटर कमी दिसले असते. दहा दिवसांत सहाएक हजार लिटर जमा होतं तिथे हे कुणाच्या नजरेत भरत नाही. पण लिटरला 34 रुपये धरले तर 118 चे अडीच हजारांहून जास्त गेले.

तारखेचं दुखणं वेगळं आहे. तुमच्या केंद्राने तारीख चुकवलीच नसावी. फाइलमध्ये 10/03 म्हणजे 10 मार्च लिहिलेलं असतं, ज्या कॉम्प्युटरवर ती उघडली तिथे महिना आधी वाचायची सेटिंग असते, म्हणून ते 3 ऑक्टोबर होतं. 'आजच्या पुढची नको' हा नियम लावून बघा. 4 ते 10 मार्चच्या तारखा एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये जातात, त्या सापडतील. पण 1 मार्चची 3 जानेवारी होते आणि 2 मार्चची 3 फेब्रुवारी. त्या मागच्या तारखा आहेत, नियम त्यांना सलाम करून आत सोडेल. 3 मार्च तर उलटूनही तीच. नोव्हेंबरच्या पहिल्या बिलात तर दहाही तारखा मागे जातात, एकही सापडणार नाही.

म्हणून नियम दोन्ही बाजूंनी बांधा: तारीख बिलाच्या दहा दिवसांतच हवी. त्यात वरच्या सगळ्या सापडतात. 13 तारखेपासून पुढे वेगळीच गंमत होते, महिना तेरावा नसल्याने एक्सेल ती तारीख न मानता मजकूर म्हणून ठेवतं. रकान्यात ती डावीकडे चिकटलेली दिसते, खऱ्या तारखा उजवीकडे.

दुधसाय
अहो, मूळ मशीनमध्ये असतं. सकाळी पाण्याने धुऊन लगेच पहिला नमुना घातला की फॅट अगदीच कमी येतं. आमच्याकडे तशीच नोंद झाली आणि सभासदाला भाव कमी मिळाला. आधी मशीन तपासून घ्या, नियम नंतर.

चरवी
दुधसाय, फॅटचा प्रश्न खरा आहे, पण इथे लिटर आणि तारीख हाताने पडली आहे. नोंदवही, फाइल मी एक्सेलमध्ये उघडते. डेटा व्हॅलिडेशन लावून ठेवलं होतं, तरी हे आत कसं आलं?

नोंदवही
ते फक्त हाताने टाइप केलेलं तपासतं. दुसऱ्या फाइलमधून कॉपी-पेस्ट केलं की काहीच विचारत नाही, उलट पेस्टमुळे तुमचा नियमच पुसला जाऊ शकतो. शेजारी एक रकाना घ्या. बिलाचा पहिला दिवस H1 मध्ये, शेवटचा H2 मध्ये:

```
=IF(NOT(ISNUMBER(A2)),"तारीख नाही",IF(OR(INT(A2)<$H$1,INT(A2)>$H$2),"बिलाबाहेर",""))
```

ISNUMBER आधी हवं, कारण मजकूर झालेल्या तारखेवर INT चालत नाही, म्हणजे रकान्यात नुसतं #VALUE! दिसेल आणि तुम्ही भलत्या चुकीच्या मागे लागाल. INT वेळेसाठी. तारखेबरोबर पहाटे 5:40 लिहिलेलं असलं की ती नोंद त्या दिवसाच्या मध्यरात्रीपेक्षा मोठी भरते, आणि शेवटच्या दिवसाचं सगळं दूध बाहेर फेकलं जातं.

तालुकासर्व्हर
पहाटेवरून आठवलं. आमच्या ॲपमध्ये पुढची तारीख सर्व्हरवर अडवली होती आणि सर्व्हरचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर. आपण साडेपाच तास पुढे. 5:10 ला केलेली आजची नोंद सर्व्हरला उद्याची वाटायची. रोज साडेपाचपर्यंत सगळी केंद्रं अडून बसायची आणि नंतर आपोआप सुरू व्हायची. सगळे नेटवर्कला दोष देत होते. भारतीय वेळेवर 'आज' काढायला लावल्यावर थांबलं.

कासंडी
दुरुस्तीचा वेगळा प्रकार मला पटला. पण बिलाआधीच्या तपासणीवर माझा अजूनही विश्वास नाही. आमच्याकडे लाल झालेल्या नोंदींची यादी निघायची. बिलाच्या आदल्या रात्री ती 40 ओळींची असली की कुणीतरी सगळं एकदम मंजूर करायचं. कारण लिहायची जागा होती, तिथे टिंब.

पहाटपाळी
तुमची भीती खरी आहे, मी ती टिंबं दिलेली आहेत. आमचं गाव तीन दिवस लाइटविना होतं तेव्हा वहीवर लिहिलं आणि नंतर भरलं. बिलाची शेवटची तारीख उलटून गेलेली. तुमच्या दोन्ही बाजूंनी बांधलेल्या नियमात ते अख्खं दूध बाहेर राहिलं असतं. ते खोटं नव्हतं, फक्त उशिरा आलं.

नोंदवही
म्हणूनच तपासायची तारीख संकलनाची, भरल्याची नाही. दोन्ही वेगळ्या ठेवा. संकलनाची तारीख त्या दहा दिवसांतली असेल तर उशिरा भरली तरी नियम तिला हात लावत नाही. मात्र ते बिल निघून पैसे वाटले गेले असतील, तर ती नोंद पुढच्या बिलात कशी घ्यायची हा संस्थेचा निर्णय. आमच्याकडे 'मागील फरक' म्हणून वेगळी ओळ देतो. काही जण जुनं बिल पुन्हा काढतात. मला ते पटत नाही, पण लेखापरीक्षक दोन्ही मान्य करताना पाहिलेत.

चरवी
सूत्र मार्चच्या फाइलवर चालवलं. त्या केंद्राच्या 1 आणि 2 तारखेच्या 61 नोंदी जानेवारी-फेब्रुवारीत जाऊन बसल्या होत्या, त्या माझ्या नजरेतून पार सुटल्या होत्या. -84 ची मूळ पावती 8.4 चीच निघाली, उद्या 118 चा फरक काढते. लाल ओळी कुणी तपासायच्या, केंद्राने की मी, यावर ऑफिसात अजून वाद चालू आहे. कासंडी, तुमच्याकडे शेवटी ते कुणाकडे गेलं?

कासंडी
केंद्राच्या सचिवाकडे. दहा ओळींच्या वर यादी गेली तर त्या केंद्राचं बिल थांबतं. सचिव वैतागलेत, पण टिंबं बंद झाली.