उत्तर: भंगाराचा भाव का धरत नाहीत
>> फ्रीजर आज विकला तर १५ हजार पण येणार नाहीत, मग बॅलन्स शीटमध्ये ४० हजार कसा? सीए नुसता गोइंग कन्सर्न म्हणतो.

कारण तुम्ही तो विकायला काढलेला नाही ना. ६० हजाराला घेतला, ६ वर्षं चालेल धरलं तर वर्षाला १० हजार घसारा, २ वर्षांनी उरले ४०. धंदा चालू राहणार या गृहीतावर, म्हणजेच गोइंग कन्सर्नवर, हे गणित उभं आहे, उद्या दुकान कायमचं बंद करायचं ठरलं की मग विकून येतील तेवढेच धरायचे. पावसाळ्यात किनाऱ्यावरचा शॅक उतरवतात ते बंद पडणं नव्हे हां, ऑक्टोबरात परत उभारायचाच असतो.

प्रुडन्स, म्हणजे तोटा दिसला की लगेच धरायचा पण नफा हातात आल्यावरच, हा नियम मात्र विकायच्या मालाला लागतो. आमचं म्हापशात काजूचं छोटं दुकान आहे, गेल्या पावसात ९०० रु किलोने घेतलेले २० किलो गर सादळले, गिऱ्हाईक ७००च्या वर देईना, म्हणून मार्चअखेर उरलेला तो स्टॉक १८ हजाराऐवजी १४ हजाराला दाखवला. पण भाव ११०० झाला असता तरी ९००च लावायचे, विकल्याशिवाय नफा नाही. बाबांना हे अजून पटत नाही, म्हणतात हा कसला एकतर्फी न्याय!

आणि कन्सिस्टन्सी म्हणजे स्टॉक यंदा फिफोने, म्हणजे आधी आलेला माल आधी गेला असं धरून, आणि पुढल्या वर्षी नफा कमी दिसतो म्हणून सरासरीने, असं नाही चालत. सबळ कारण असेल तर बदला, पण बदलामुळे नफ्यात किती फरक पडला तो आकडा नोट्समध्ये लिहावा लागतो, बँकवाला आधी तेच बघतो.