विषय: पांढरे टॉवेल राखाडी आणि कडक होत आहेत – पॉड, लिक्विड की पावडर?

प्रेषक: शुभदा

सप्रेम नमस्कार,

आम्ही घर बदलून आता आठ महिने झाले. जुन्या घरी वरून उघडणारे मशीन होते आणि मी पावडर वापरत असे. इथे समोरून उघडणारे मशीन आहे आणि सोयीचे म्हणून मी पॉड सुरू केले. ड्रम जवळजवळ भरून, म्हणजे साधारण 7 किलो कपडे, 30 अंशांवर एक पॉड टाकून धुते. पांढरे टॉवेल आता राखाडी दिसू लागले आहेत आणि वाळल्यावर पापडासारखे कडक होतात; शर्टांच्या कॉलरवरचा पिवळेपणाही जात नाही. पाणीपुरवठ्याच्या माहितीनुसार इथल्या पाण्याची कठिणता लिटरला सुमारे 300 मिलिग्रॅम आहे. दोष मशीनचा आहे, पाण्याचा आहे की पॉडचा, हे कसे ओळखावे?

प्रेषक: निखिल

शुभदाताई, पाणी कठीण असले की डिटर्जंट कमी पडतो, एवढेच याचे कारण आहे. दोन पॉड टाकून पाहा. भरपूर फेस दिसला की समजावे, कपडे स्वच्छ निघणार. शिवाय सॉफ्टनरच्या कप्प्यात पांढरे व्हिनेगर घातले, तर टॉवेल मऊ होतील. पावडरकडे परत जाण्याची गरज नाही, कारण पावडर जुन्या मशीनसाठीच असते.

प्रेषक: मुकुंद

सौ. शुभदाताई यांस सप्रेम नमस्कार.

कापडावरील प्रक्रियेच्या व्यवसायात मी अनेक वर्षे काढली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. निखिल, डिटर्जंट कमी पडतो हे तुझे म्हणणे बरोबर आहे. फेसाचे मात्र उलट आहे. समोरून उघडणाऱ्या मशीनमध्ये कपडे वर उचलले जाऊन खाली आपटतात आणि त्या आपटण्यानेच मळ सुटतो. फेस दाटला की कपडे त्यावर गादीसारखे पडतात आणि खळबळण्याचे पाणीही कमी असल्यामुळे डिटर्जंट कापडात राहून जातो. म्हणूनच अशा मशीनसाठीची पावडर आणि लिक्विड मुद्दाम कमी फेसाची केलेली असतात.

आता पाण्याचा हिशोब पाहू. समोरून उघडणारे मशीन मुख्य धुण्यासाठी 15 लिटर पाणी घेते असे धरले, तर 300 मिलिग्रॅमच्या हिशोबाने त्यात साडेचार ग्रॅम कठीण क्षार आले. वरून उघडणारे जुने मशीन 60 लिटर घेत असेल, तर तेच 18 ग्रॅम होतात. म्हणजे याच पाण्यात जुन्या मशीनला क्षार बांधून ठेवणारा माल चौपट लागला असता. त्यामुळे दोष तुमच्या नव्या मशीनचा असण्याची शक्यता मला कमी वाटते.

हे क्षार बांधण्याचे काम चांगल्या पावडरीत सोडा आणि झिओलाइट मिळून करतात. लिक्विडमध्ये सायट्रेटसारखी द्रव्ये असली तरी जागा मर्यादित असते, आणि लिक्विडचे खरे बळ तेलकट डागांवर असते. क्षार मोकळे राहिले की ते डिटर्जंटला आणि मळाला धरून पुन्हा धाग्यावर बसतात, आणि त्यातूनच तुमचा राखाडी रंग येतो. दुसरी गोष्ट म्हणजे पांढऱ्या कपड्यांच्या पावडरीत बहुधा सोडियम परकार्बोनेट हे ऑक्सिजन देणारे ब्लीच असते. ते पाण्याच्या द्रावणात टिकत नाही, म्हणून नेहमीच्या लिक्विडमध्ये आणि लिक्विड भरलेल्या पॉडमध्ये ते नसते. कॉलरचा पिवळेपणा राहण्याचे एक कारण हेही असू शकते. परकार्बोनेट 30 अंशांवर मात्र जवळजवळ निजलेलेच राहते. त्याच्या जोडीला सक्रियक घातलेला असेल तर 40 अंशांना चालते. नसेल तर 60 अंश लागतात.

पॉडची खरी अडचण अशी की त्याचे माप मोडता येत नाही. एक पॉड मध्यम भारासाठी बेतलेला असतो. तुमच्या 7 किलोंना या पाण्यात तो अपुरा पडतो आणि दोन-तीन शर्टांना तोच जास्त होतो. भरलेल्या ड्रमला दोन पॉड घेण्याचा निखिलचा सल्ला काही पाकिटांवरही छापलेला असतो, पण दुसऱ्या पॉडमधूनही ब्लीच मिळत नाही, फेस मात्र वाढतो.

पण आधी खात्री करून घ्या. इस्त्रीसाठी आणतात ते डिस्टिल्ड पाणी गरम करून त्यात वाळलेला टॉवेल चोळा. फेस आला, तर कापडात डिटर्जंट उरला आहे. फेस न येता टॉवेल तसाच कडक राहिला, तर त्याचे एक टोक पाणी घातलेल्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवा, डिस्टिल्ड पाण्यात खळबळा आणि वाळू द्या. ते टोक बाकीच्या टॉवेलपेक्षा मऊ वाटले, तर दोष क्षारांचा समजा.

प्रेषक: वैजयंती

मुकुंदकाका, मी तर पावडरीनेच हैराण झाले आहे. आमच्याकडे काळ्या टी-शर्टांवर पांढरे पट्टे उमटतात, आणि परवा माझा लोकरीचा स्वेटर पावडरीत धुतल्यावर घट्ट आणि खरखरीत झाला. पाणी आमचे मृदू आहे. तेव्हा शुभदाताईंनी पावडर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रेषक: मुकुंद

वैजयंती, तुझा आणि शुभदाताईंचा प्रश्न एक नाही. तू थंड पाण्यावर झटपट धुण्याचा कार्यक्रम लावत असशील, तर पावडर विरघळायला वेळच मिळत नाही. वाळलेला पट्टा ब्रशने झटकून निघाला, तर तो न विरघळलेल्या पावडरीचा आहे. गडद कपड्यांना आणि थंड, छोट्या धुण्याला लिक्विडच बरे. पॉडचे वेष्टनही अशा धुण्यात कधीकधी अर्धवट राहून कपड्याला चिकटते. म्हणून तो कोरड्या हाताने आधी ड्रमच्या तळाशी ठेवावा आणि वर कपडे घालावेत.

लोकर आणि रेशीम ही प्रथिनांची वस्त्रे आहेत. पावडरीचा अल्कलीपणा त्यांना सोसत नाही आणि प्रोटिएज हे एन्झाइम तर प्रथिनेच तोडते. त्यांना एन्झाइम नसलेले, लोकरीसाठीचे वेगळे लिक्विड घ्यावे. स्वेटर आटला तो मात्र उष्णतेने आणि घुसळण्यानेही असेल. सगळा दोष पावडरीच्या माथी मारता येणार नाही.

प्रेषक: शुभदा

सर्वांचे आभार. दोन्ही प्रयोग करून पाहिले. डिस्टिल्ड पाण्यात फेस जवळजवळ आलाच नाही, आणि व्हिनेगरमध्ये बुडवलेले टोक इतके मऊ झाले की टॉवेलवर हात फिरवताना सीमारेषा बोटांना कळत होती. मग परकार्बोनेट आणि झिओलाइट असलेली पावडर आणून, पाकिटावर कठीण पाण्यासाठी दिलेले माप घेऊन, ड्रम थोडा मोकळा ठेवून, टॉवेल आणि सुती शर्ट 60 अंशांवर धुतले. तिसऱ्या धुण्यानंतर कॉलर पांढऱ्या झाल्या आणि राखाडीपणा बराच उतरला. कडकपणा मात्र अर्धाच गेला.

प्रेषक: मुकुंद

तो पूर्ण जाणार नाही, ताई. शेवटच्या खळबळीचे पाणीही तेच कठीण पाणी असते, आणि ते वाळताना आपले क्षार धाग्यावर सोडून जाते. घराच्या नळवाहिनीला पाणी मृदू करणारे यंत्र बसवले तरच ते थांबेल. डिटर्जंटचा कुठलाही प्रकार बदलून थांबणार नाही.

प्रेषक: निखिल

म्हणजे शेवटच्या खळबळीत व्हिनेगर घालण्याचा माझा उपाय इथे योग्यच ठरला! मी दोन वर्षे घालतो आहे आणि मशीनचे रबर शाबूत आहे.

प्रेषक: मुकुंद

टॉवेलापुरता तो चालेल, निखिल. रबराबद्दल मी तुझ्याइतका निश्चिंत नाही. प्रत्येक धुण्याला आम्ल नको, असे मला वाटते. आणि क्लोरीनचे ब्लीच वापरत असशील, तर त्याच धुण्यात व्हिनेगर कदापि घालू नकोस, कारण त्यातून विषारी वायू निघतो.

प्रेषक: वैजयंती

काळ्या टी-शर्टचे पट्टे ब्रशने निघाले. स्वेटर मात्र आता धाकट्या भाचीला होईल.